भाडे अचानक वाढवले, गोदाम सोडायचे आहे: नोटीस कशी लिहावी, कधी द्यावी आणि किल्ली कशी सोपवावी

फेब्रुवारीच्या एका शुक्रवारी सांगलीतला एक हळद व्यापारी माझ्याकडे फोन घेऊन आला. गोदामाच्या मालकांच्या मुलाने व्हॉट्सॲपवर दोन ओळी पाठवल्या होत्या: ‘१ एप्रिलपासून भाडे २८,००० राहील. जमत नसेल तर गोडाऊन खाली करा.’ तेव्हा भाडे होते १८,९००. एकदम ९,१०० रुपयांची, म्हणजे ४८ टक्क्यांची वाढ. व्यापारी संतापला होता आणि ‘ठीक आहे, करतो खाली’ एवढे टाइप करून पाठवायच्या बेतात होता. मी त्याला थांबवले.

मी वकील नाही. छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब आणि कागदपत्रे पाहणे हे माझे काम, आणि त्यात गोदाम सोडण्याची प्रकरणे वरचेवर येतात. गोदाम सोडताना नुकसान होते ते बहुधा तीन ठिकाणी: नोटिशीची मुदत चुकते, वाढीव भाडे एकदा दिले जाते, किंवा किल्ली कागदाशिवाय दिली जाते. बाकीचे सगळे निस्तरता येते. म्हणून हे एकच प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतो. ओळख पटू नये म्हणून त्यातले तपशील थोडे बदलले आहेत.

आधी करार बाहेर काढा

नोटीस लिहायला बसण्याआधी नोंदणी केलेला करार शोधा. मूळ प्रत हाताशी नसेल तर ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात दस्त नोंदवला तिथून नक्कल मिळते. करारात पाच गोष्टी पेन्सिलने खुणा करून ठेवायच्या: मुदत, भाडे आणि त्यातली ठरलेली वाढ, लॉक-इन म्हणजे करार मधेच सोडता न येण्याचा काळ, मुदतीपूर्वी सोडण्याचे कलम, आणि अनामत परत करण्याचे कलम.

आमच्या व्यापाऱ्याचा करार लिव्ह अँड लायसन्सचा होता. १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२७, एकूण ३६ महिने. भाडे १८,००० आणि दरवर्षी ५ टक्के वाढ, म्हणून दुसऱ्या वर्षी १८,९००. अनामत ६०,०००. लॉक-इन पहिले १२ महिने, ते सप्टेंबर २०२५ लाच संपलेले. आणि कलम ९ म्हणत होते की त्यानंतर कोणत्याही पक्षाला दोन महिन्यांची लेखी नोटीस देऊन करार संपवता येईल.

हे वाचल्यावर चित्र स्पष्ट झाले. वाढ किती आणि कधी हे करारातच ठरलेले असल्याने मालकांना मधेच २८,००० मागण्याचा हक्क नव्हता. पण कलम ९ दोन्ही बाजूंना होते. म्हणजे व्यापारी १८,९०० वरच अडून बसला असता, तर मालक दोन महिन्यांची नोटीस देऊन त्याला बाहेर काढण्याच्या मार्गाला लागू शकले असते. ‘करार २०२७ पर्यंत आहे, मला कोण हलवतो’ असे म्हणणाऱ्यांनी हे कलम जरूर पाहावे. करारातला दर तुम्हाला वाचवतो, पण असे कलम असेल तर फार तर नोटिशीच्या मुदतीपुरता.

लॉक-इन चालू असेल तर मात्र घाईने नोटीस देऊ नका. उरलेल्या महिन्यांचे भाडे मागण्याचा मुद्दा मालकाच्या हाती जातो. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे ती भरपाई वाजवी असावी लागते आणि करारात लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा असते, पण तो वाद कोर्टात जाऊनच सुटतो. अशा वेळी वाढ नाकारा, करारातले भाडे भरत राहा आणि लॉक-इन संपण्याची तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा.

तुम्ही लायसन्सी आहात की जुने भाडेकरू?

हा प्रश्न वगळून पुढे जाऊ नका. बाजारपेठेतल्या जुन्या गाळ्यांमध्ये वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळापासून भाड्याने असलेली गोदामे अजून आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा निवास, धंदा, व्यापार आणि साठवणीसाठी दिलेल्या जागांना, तो ज्या शहरांत लागू आहे तिथे, लागू होतो. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या या कायद्याच्या कलम ११ प्रमाणे भाडेकरूचे भाडे साधारणपणे वर्षाला ४ टक्क्यांनीच वाढवता येते. दुरुस्ती आणि कर यांसाठीच्या वाढीच्या तरतुदी वेगळ्या आहेत. तुम्ही असे संरक्षित भाडेकरू असाल तर ४८ टक्के वाढीच्या मागणीला उत्तर म्हणून गोदाम सोडण्याची नोटीस देणे म्हणजे मोठा हक्क स्वतःच्या हाताने सोडणे. तिथे आधी दिवाणी वकिलाकडे जा.

दुसरा प्रकार असतो तो नोंदणीच नसलेल्या कराराचा. ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी केलेला कागद, किंवा तोही नाही, नुसता शब्द. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. तो नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोटिशीसाठी अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०६ उपयोगी पडते. वेगळे काही ठरलेले नसेल तर उत्पादन आणि शेती सोडून इतर कामासाठीचे भाडे महिना-दर-महिना धरले जाते आणि ते १५ दिवसांच्या लेखी नोटिशीने संपते. माझा सल्ला मात्र पूर्ण महिना देण्याचा. पंधरा दिवसांच्या भाड्यासाठी वाद ओढवून घेऊ नये.

नोटिशीच्या आधी एक छोटे उत्तर

त्या शुक्रवारी संध्याकाळी व्यापाऱ्याने त्याच व्हॉट्सॲपवर एवढेच लिहिले: ‘संदेश मिळाला. करारात वर्षाला ५ टक्के वाढ ठरली आहे, त्याप्रमाणे १८,९०० चालू आहेत. २८,००० मला मान्य नाहीत. एप्रिलचे भाडे करारातल्या दरानेच पाठवीन.’

हे उत्तर का हवे? मागणी आली आणि तुम्ही गप्प राहिलात, तर नंतर ‘त्यांनी मान्य केले होते’ असे म्हणायला जागा राहते. त्याहून वाईट म्हणजे ‘एकदा देऊन टाकू, मग बघू’ म्हणून एका महिन्याचे २८,००० पाठवणे. बँकेच्या उताऱ्यावरची ती एक नोंद पुढे तुमच्याच विरुद्ध दाखवली जाते, आणि नोटिशीच्या काळातले भाडे कोणत्या दराने हा वाद तुम्ही स्वतः उभा केलेला असतो. भाडे नेहमी बँकेतूनच पाठवा आणि ट्रान्स्फरच्या शेऱ्यात ‘एप्रिल २०२६ भाडे करारानुसार’ असे लिहा.

मालकांच्या मुलाचा तो संदेश पुसू नका. स्क्रीनशॉट घ्या, शिवाय ज्या फोनवर तो आला तो फोन जपून ठेवा. पुरावा म्हणून लागला तर भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपे होते.

तारखेचा हिशेब

माझ्या अनुभवात सर्वाधिक पैसा इथे जातो, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

नोटिशीची मुदत पत्रावरच्या तारखेपासून धरू नका. ती समोरच्याला मिळाल्यापासून धरा. दोन महिन्यांची नोटीस २८ मार्चला टाकली आणि मालकांना २ एप्रिलला मिळाली, तर मुदत २ जूनला पुरी होते. तुम्ही ३१ मेला किल्ली दिलीत तरी मालक म्हणणार, दोन दिवस कमी पडले, जूनचे भाडे द्या. दोन दिवसांपायी १८,९०० रुपये अनामतीतून कापलेले मी पाहिले आहेत.

आम्ही उलट्या दिशेने मोजले. हळदीची आवक फेब्रुवारीपासून मेपर्यंत जोरात असते, तेव्हा गोदाम भरलेले असणार. पण पाऊस लागण्याआधी माल हलवायलाच हवा. भिजलेली हळद बुरशी धरते आणि तिचा भाव पडतो. सांगलीत पावसाची धास्ती नवी नाही. शेजारच्या हरिपूरला पूर्वी हळद जमिनीखालच्या पेवांत ठेवत. २००५ च्या महापुरात तिथली बरीच पेवे निकामी झाली आणि व्यापाऱ्यांचा भार आणखीच गोदामांवर आला. तर ३१ मे ही शेवटची तारीख ठरली. त्यातून दोन महिने मागे गेलो की ३१ मार्च, म्हणजे नोटीस त्याआधी हातात पडायला हवी. गुढीपाडवा १९ मार्चला होता, पुढे मार्चअखेरची गडबड. म्हणून पत्र सोमवारी, १६ मार्चला टाकले. पोस्टाला आठवडा लागला तरी मुदत २३ मेच्या सुमारास पुरी होत होती आणि ३१ मे निर्धास्त राहत होती.

दिनदर्शिका पाहताना आणखी एक लक्षात आले. ३१ मे रविवार होता. रविवारी हमाल मिळायला अडचण आणि मालकही बाहेरगावी असण्याची शक्यता. म्हणून ताबा देण्याचा दिवस शनिवार, ३० मे ठरवला. करार संपण्याची तारीख मात्र ३१ मेच ठेवली, म्हणजे महिना तुटत नाही आणि दिवसांच्या हिशेबाची वेळ येत नाही.

पत्रात काय लिहायचे

नोटीस लिहिताना मनातला राग पत्रात उतरतो आणि ‘आपण अन्यायाने भाडे वाढवून मला नाइलाजाने’ अशी वाक्ये येतात. ती काढून टाका. तुमचा सोडण्याचा हक्क कलम ९ मधून येतो, मालकांच्या चुकीतून येत नाही. कारण लिहिले की ते खरे की खोटे यावर वाद सुरू होतो, आणि ते सिद्ध झाले नाही तर नोटीसच डळमळीत झाल्यासारखी वाटते. भाडेवाढीचा उल्लेख पत्रात हवा, पण तो भाड्याचा दर स्पष्ट करण्यापुरता.

पत्र फर्मच्या लेटरहेडवर, करार ज्या नावाने आहे त्याच नावाने. करारावर भागीदार म्हणून सही असेल तर नोटिशीवरही भागीदार म्हणूनच सही आणि शिक्का. आणि पत्र कोणाला? संदेश मुलाने पाठवला असला तरी करार वडिलांच्या नावावर आहे, म्हणून पत्र वडिलांना, करारातल्या पत्त्यावर. करारात दोन मालक असतील तर दोघांना स्वतंत्र पाकिटे.

आमचे पत्र साधारण असे होते:

> दिनांक : १६ मार्च २०२६
>
> प्रति,
> श्री. …… (करारातील पूर्ण नाव)
> रा. …… (करारातील पत्ता)
>
> विषय : गोदाम क्र. ……, …… येथील लिव्ह अँड लायसन्स करार संपवण्याची नोटीस.
>
> महोदय,
>
> वरील गोदामाबाबत आपल्या दोघांत झालेला करार दुय्यम निबंधक, …… यांच्याकडे दस्त क्र. …… ने नोंदवलेला आहे. कराराची मुदत १ ऑक्टोबर २०२४ ते ३० सप्टेंबर २०२७ अशी असून लॉक-इनचा काळ ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपला आहे.
>
> कराराच्या कलम ९ प्रमाणे मी या पत्राने दोन महिन्यांची नोटीस देत आहे. हा करार ३१ मे २०२६ रोजी संपेल. ही नोटीस आपणांस ३१ मार्च २०२६ नंतर मिळाल्यास, ती मिळाल्यापासून दोन महिने ज्या दिवशी पुरे होतील त्या दिवशी करार संपेल.
>
> कलम ४ प्रमाणे सध्याचे भाडे दरमहा १८,९०० रुपये आहे. दिनांक २० फेब्रुवारी २०२६ च्या संदेशातील २८,००० रुपयांची मागणी मला मान्य नाही. करार संपेपर्यंतचे भाडे मी १८,९०० रुपये दराने भरीन.
>
> शनिवार, २३ मे २०२६ रोजी सकाळी ११ वाजता गोदामाची एकत्र पाहणी करावी आणि शनिवार, ३० मे २०२६ रोजी सकाळी ११ वाजता मी गोदाम रिकामे करून किल्ल्या आपल्या ताब्यात द्याव्यात, असे सुचवतो. कलम ६ प्रमाणे अनामतीचे ६०,००० रुपये त्याच वेळी परत द्यावेत. काही कपात करायची असल्यास पाहणीनंतर तीन दिवसांत कारण आणि बिलासह लेखी कळवावे.
>
> करारातील माझे इतर सर्व हक्क राखून ही नोटीस देत आहे.
>
> आपला,
> (सही, नाव, फर्मचा शिक्का)

‘३१ मार्च नंतर मिळाल्यास’ हे वाक्य पत्रात जरूर ठेवा. पोस्टाचा घोटाळा झाला तरी नोटीस वाया जात नाही, फक्त तारीख पुढे सरकते.

पत्रात एक गोष्ट मुद्दाम नव्हती: ‘शेवटच्या दोन महिन्यांचे भाडे अनामतीतून वळते करून घ्यावे.’ व्यापाऱ्याची तशी फार इच्छा होती, कारण अनामत परत मिळेल याची त्याला खात्री नव्हती. त्याची काळजी मला कळते. पण करारात तशी मुभा नसताना भाडे थांबवले की थकबाकीदार तुम्ही होता, आणि इतके दिवस बाजू तुमची बळकट असताना एका फटक्यात ती मालकांकडे जाते.

पत्र पोचवायचे कसे

करारात नोटीस कशी द्यायची हे लिहिले असेल तर तोच मार्ग घ्या. ईमेलचा पत्ता करारात असेल तर तिथेही प्रत पाठवा. व्हॉट्सॲपवर फोटो टाकलात तर तो जास्तीचा, मूळ पत्राऐवजी नव्हे.

पोस्टाने रजिस्टर्ड पोस्टाची सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात सामील केली आहे. खिडकीवर स्पीड पोस्ट सांगताना नोंदणीची जोडसेवा आणि पोचण्याचा पुरावा दोन्ही मागून घ्या. पावती, ट्रॅकिंगवर ‘Item Delivered’ दिसणाऱ्या पानाची छापील प्रत आणि पत्राची सही केलेली स्थळप्रत एकत्र टाचून ठेवा. शक्य असेल तर दुसरी प्रत हाती द्या आणि स्थळप्रतीवर ‘मिळाली’, तारीख आणि सही घ्या.

आमच्या व्यापाऱ्याला अवघड वाटत होते. मालक वडिलांच्या ओळखीतले, दिवाळीला फराळाचा डबा जायचा. म्हणून पत्र टाकायच्या आदल्या दिवशी त्याने फोन केला: ‘काका, कराराप्रमाणे लेखी द्यावं लागतं म्हणून एक पत्र येईल. वाईट वाटून घेऊ नका.’ हा फोन करावा असे माझे ठाम मत आहे. नोटीस घेतल्याने आपला काही हक्क जातो अशी अनेकांची समजूत असते, आणि फोन झाला नसेल तर पाकीट नाकारले जाते.

तरीही नाकारले तर? पाकिटावर ‘घेण्यास नकार’ असा शेरा येऊन ते परत येईल. ते उघडू नका. शेऱ्यासह, चिकटवलेले, तसेच फाइलला लावा. पत्ता बरोबर असेल, टपालखर्च भरलेला असेल आणि नोंदणीने पाठवले असेल, तर जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ च्या कलम २७ प्रमाणे पत्र पोचले असे गृहीत धरले जाते. उघडलेल्या पाकिटाबद्दल मात्र ‘आत कोरा कागद होता’ असे म्हणता येते.

दोन महिन्यांत माल हलवणे

नवे गोदाम मिळाले की लगेच टेम्पो लावण्याचा मोह होतो. त्याआधी दोन कामे. जीएसटी पोर्टलवर नवी जागा व्यवसायाचे अतिरिक्त ठिकाण म्हणून नोंदवा. बदल झाल्यापासून १५ दिवसांत अर्ज करायचा असतो, पण माल तिथे जाण्याआधीच नोंद झालेली बरी. हळद खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआयच्या नोंदणीतही साठवणीची जागा बदलून घ्या. मग विमा कंपनीला लेखी कळवा. मालाचा आगीचा विमा पत्त्याशी बांधलेला असतो. पॉलिसीत जुनाच पत्ता असताना नव्या गोदामातली पोती जळाली तर दावा अडकतो. कॅश क्रेडिटला माल तारण असेल तर बँकेलाही हेच पत्र द्या.

एकाच जीएसटी क्रमांकाखाली, राज्यातल्या राज्यात माल एका गोदामातून दुसऱ्यात नेला तर कर लागत नाही, पण डिलिव्हरी चलन लागते. महाराष्ट्रात राज्यांतर्गत खेपेची किंमत १ लाखाच्या वर गेली की ई-वे बिलही लागते. क्विंटलला १२,००० धरले तर ५० किलोची २० पोती १,२०,००० ची होतात, म्हणजे अर्धा टेम्पोसुद्धा ई-वे बिलात येतो. आमच्या व्यापाऱ्याने रोज दोन खेपा केल्या आणि प्रत्येक चलनावर पोत्यांची संख्या व लॉट क्रमांक लिहिले. शेवटच्या दिवशी नव्या गोदामात मोजणी जुळली ती त्यामुळेच.

भाड्याचा जीएसटी विसरू नका. मालक जीएसटीत नोंदलेले नसतील आणि तुम्ही नियमित नोंदणीत असाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यापारी जागेच्या भाड्यावरचा १८ टक्के कर रिव्हर्स चार्जने तुम्ही भरायचा आहे. शेवटच्या महिन्याच्या भाड्यावरचाही.

या काळात मालकांनी रागाने स्वतःचे कुलूप लावले तर ते तोडू नका. कुलपाचा तारीख-वेळेसह फोटो काढा, ११२ वर कळवा, पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्या आणि वकिलामार्फत कोर्टाकडून मनाई हुकूम मागा. लायसन्स संपल्यावरही आपला माल काढून नेण्यासाठी वाजवी वेळ मिळण्याचा हक्क भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६३ ने दिलेला आहे.

पाहणी, पिवळी फरशी आणि किल्ली

२३ मेच्या पाहणीला मालकांचा मुलगा आला. गोदाम बरेचसे रिकामे झाले होते आणि फरशीवर, जिथे दीड वर्ष थप्प्या लागल्या होत्या तिथे, चौकोनी पिवळे पट्टे उमटले होते. भिंतीवरही कमरेइतक्या उंचीपर्यंत पिवळसर झाक होती. तो म्हणाला, ‘फरशी घासून रंग मारायचे १५,००० कापणार.’

व्यापाऱ्याने करार उघडून कलम २ दाखवले: जागा ‘हळद व तत्सम शेतमाल साठवण्यासाठी’ दिली होती. हळद ठेवायला दिलेल्या जागेत हळदीचा रंग लागणे ही नेहमीच्या वापराची झीज आहे, नुकसान नव्हे. भाड्याच्या कायद्यातही, आणि बहुतेक करारांतही, वाजवी झीज वगळूनच जागा पूर्ववत द्यायची असते. पण शटरची एक पट्टी टेम्पोच्या धक्क्याने वाकली होती. ती त्याने लगेच मान्य केली. खरे नुकसान स्वतःहून कबूल केले की खोट्या कपातीला नाही म्हणणे सोपे जाते, हे मी त्या दिवशी समोर पाहिले. व्यापारी स्वतः बसवलेल्या लाकडी फळ्या आणि वजनकाटा काढून घेऊन गेला, भिंतीतली भोके बुजवली, आणि प्रवेशाच्या दिवशी काढलेले जुने फोटो मुलाला फोनवर दाखवले.

नंतर एक लेखी मागणी आली: एप्रिल आणि मेच्या वाढीव भाड्याचे १८,२०० द्या. उत्तर एका ओळीचे गेले: ‘१६ मार्चच्या नोटिशीतला भाड्याचा परिच्छेद पाहावा.’ फेब्रुवारीतल्या त्या छोट्या उत्तराचा आणि बँकेच्या दोन नोंदींचा उपयोग इथे झाला. विषय पुढे गेला नाही.

३० मेला सकाळी रिकाम्या गोदामाचा व्हिडिओ काढला, दारापासून आत जात, मीटरचा आकडा स्पष्ट दिसेल असा. मग ताबापावती दोन प्रतींत. तिच्यात गोदामाचे वर्णन, तारीख आणि वेळ, दिलेल्या किल्ल्यांची संख्या (त्याने शटरच्या दोन आणि मागच्या दाराची एक अशा तीन दिल्या), मीटरचा आकडा, भाडे मेअखेर पुरे भरल्याची नोंद, आणि अनामतीचा हिशेब:

> अनामत जमा : ६०,०००
> वजा, शेवटचे वीजबिल : १,१४०
> वजा, शटरची पट्टी : २,२००
> परत देय : ५६,६६०

खाली दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार. रक्कम तिथल्या तिथे बँकेतून आली, तिचा व्यवहार क्रमांक पावतीवर लिहिला, आणि त्यानंतर किल्ल्या हातात दिल्या.

मालक म्हणाले असते, ‘पैसे महिन्याभराने देतो’, तर? किल्ली अडवून ठेवावी असे अनेकांना वाटते. आधी करार पाहा. मुदतीनंतर ताबा ठेवल्यास दुप्पट भाडे किंवा रोजचा दंड लिहिलेला असेल, तर ६०,००० वसूल करण्याच्या नादात तेवढेच गमावाल. माझ्या मते किल्ली द्यावी, पण ताबापावतीत ‘अनामतीचे ५६,६६० रुपये देणे बाकी, … तारखेपर्यंत देईन’ असे मालकांच्या सहीने लिहून घ्यावे. ती सही असली की पैसे मागणे सोपे होते. तारीख उलटली तर मागणीची नोटीस द्या. त्यानंतर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावा दाखल होण्यापूर्वीच्या तडजोडीसाठी अर्ज करता येतो, आणि तिथे जमले नाही तर दिवाणी दावा. अशा वसुलीच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेवढे दिवस बसून राहू नका.

आणि मालक किल्ली घ्यायलाच आले नाहीत तर? ठरल्या वेळी दोन साक्षीदारांसह थांबा, व्हिडिओ काढा, आणि त्याच दिवशी पत्र पाठवा की अमुक वेळी ताबा देण्यास हजर होतो, आपण आला नाहीत, किल्ल्या अमुक ठिकाणी आपल्यासाठी तयार आहेत, आजपासून भाडे देणे लागत नाही. पुढचे पाऊल वकिलाला विचारून, पण हे पत्र त्याच दिवशी जायला हवे.

ताबा दिल्यानंतर एक शेवटचे काम उरते आणि तेच हमखास राहून जाते. जीएसटी पोर्टलवरून जुन्या गोदामाचा पत्ता काढायचा, आणि वीज जोडणी तुमच्या नावावर करून घेतली असेल तर महावितरणकडे ती बदलण्याचा किंवा बंद करण्याचा अर्ज द्यायचा. आमच्या व्यापाऱ्याने जीएसटीचा अर्ज ताबा दिल्यानंतर पाचव्या दिवशी केला. ताबापावतीची प्रत त्याच अर्जाला जोडली.